तीन आणि आठ

महादेवरावांची बायको सत्यभामाबाई कार्तिकात गेली आणि महादेवराव दहाव्या दिवशी कचेरीत हजर झाले. बुलढाण्याच्या लेखापरीक्षण कचेरीत लोक म्हणाले, माणूस खंबीर आहे. खंबीर कसला! दुखायला आधी कळावं लागतं, आणि महादेवरावांना त्या दिवसांत काही कळतच नव्हतं. जेवण समोर आलं की जेवायचे, अंथरूण दिसलं की पडायचे. जवळच राहणारी त्यांची वहिनी येऊन स्वयंपाक करून जायची. तिनं भाजीत मीठ टाकलं काय, नाही टाकलं काय, ह्यांना सारखंच.

आकड्यांचं मात्र तसं नव्हतं. आकडे मांडायला घेतले की त्यांचं डोकं पूर्वीसारखं चालायचं. म्हणून तो हिवाळा ते आकड्यांतच राहिले, आणि तिथंच त्यांचा घात झाला. खरं म्हणजे त्यांच्यापेक्षा कचरूचा झाला.

नागपूरला शिकत असताना त्यांच्या एका प्राध्यापकांनी वर्गात लॉगरिदमच्या कोष्टकांचं जुनं पुस्तक फिरवलं होतं. पुढची पानं बोटं लागून काळी झालेली, मागची कोरी करकरीत. एकानं सुरू होणारे आकडे लोकांना जास्त लागतात आणि नवानं सुरू होणारे कमी, म्हणून असं होतं, हे प्राध्यापकांनी फळ्यावर मांडून दाखवलं. ज्या आकड्यांना वरखाली मोकळं रान आहे, दोन रुपयांपासून हजारापर्यंत कुठंही जाता येतं, तिथं शंभरातले तीस आकडे एकानं सुरू होतात, सतराअठरा दोनानं, आणि असं उतरत उतरत नवाच्या वाट्याला पाचसुद्धा येत नाहीत. शेवटचा आकडा मात्र सगळ्यांना सारखा. तिथं शून्यापासून नवापर्यंत प्रत्येकाला दहातला एक वाटा. घरी बसून खोटी बिलं लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसतं. तो आपल्या मनानं आकडे पेरतो आणि पेरणी वाकडी जाते.

महादेवरावांनी ही युक्ती पंधरा वर्षांत दोनदा वापरली होती आणि दोन्ही वेळा चोर सापडला होता. दोनदा जुगार जिंकलेल्या माणसाला तिसऱ्यांदा शहाणपण सुचत नाही.

जानेवारी त्रेसष्टमध्ये सुलतानपूरच्या एका शिक्षण मंडळाच्या वसतिगृहाची तपासणी त्यांच्याकडे आली. चाळीस मुलांचं वसतिगृह, सरकारी अनुदान. मागच्या वर्षाच्या खर्चाचे दोन गठ्ठे त्यांच्यासमोर आले. एक धान्य-किराण्याच्या बिलांचा. दुकान गुलाबरावांचं, आणि गुलाबराव म्हणजे मंडळाच्या अध्यक्षांचे सख्खे साडू. दुसरा गठ्ठा भाजीपाल्याच्या पावत्यांचा. त्या वसतिगृहाचा कारकून कचरू लिहायचा. भाजीवाली बाई काही बिल देत नाही, म्हणून कचरू स्वतःच चिठ्ठी लिहून तिचा अंगठा घ्यायचा. तो, त्याची बायको बनाबाई आणि दोन मुली वसतिगृहाच्याच मागच्या खोलीत राहत होते. नोकरी गेली की खोलीही गेली, असा तो मामला.

साडूचं दुकान म्हटल्यावर महादेवरावांनी आधी गुलाबरावांचाच गठ्ठा धरला. दोनशे बारा बिलं, दोन रुपयांपासून नऊशेपर्यंत. एकानं सुरू होणारी एकसष्ट, दोनानं चाळीस, तीनानं सव्वीस, आणि नवानं फक्त अकरा. प्राध्यापकांनी फळ्यावर लिहावं तसं. शेवटचे आकडेही सगळीकडे सारखे पसरलेले. महादेवरावांनी गठ्ठा बांधून बाजूला ठेवला. एरवी ते बिलातला ज्वारीचा भाव बाजार समितीच्या फळ्याशी ताडून बघायचे. ह्या खेपेला बघितला नाही. आकडे इतके सरळ असल्यावर तेवढ्यासाठी बाजार समितीपर्यंत कोण जाईल?

मग कचरूच्या चारशे बारा पावत्या. बहुतेक एक ते चार रुपयांच्या घरातल्या. इथं पहिल्या आकड्याचा नियम लागू होत नाही हे महादेवरावांना माहीत होतं. चाळीस मुलांना रोज लागून लागून भाजी किती लागणार? रान मोकळं नसलं की एकाचं राज्य नसतं. तेवढं भान त्यांनी ठेवलं आणि स्वतःवर खूष झाले. मग शेवटचा आकडा घेऊन मोजायला बसले. शून्य अठ्ठ्याऐंशी वेळा, पाच एकाहत्तर वेळा. तेही समजण्यासारखं, बाजारात माणूस पूर्णाकडे नाहीतर पावलीकडे झुकतोच. बाकीचे चाळीसच्या आसपास. आणि तीन? एकदाही नाही. आठ? एकदाही नाही.

त्यांनी पुन्हा मोजलं. चारशे बारा पावत्या आणि त्यात नये पैशांच्या शेवटी तीन नाही, आठ नाही. सगळ्या आकड्यांना सारखा वाटा धरला तर हे योगायोगानं होणं अशक्य. महादेवरावांच्या अंगात दोन महिन्यांनी पहिल्यांदा काहीतरी हललं. त्यांना वाटलं, सापडला.

कचरूला त्यांनी वसतिगृहाच्या कचेरीत बोलावलं. तिशीचा, सडपातळ, पांढरा सदरा. सात वर्षांपूर्वी त्याच्या घरच्यांनी दीक्षा घेतली होती आणि घरातला तो पहिला शिकलेला माणूस होता. पावत्या तुम्हीच लिहिता का, असं महादेवरावांनी विचारलं. तो म्हणाला, हाव, मीच लिहितो, बाजारात कोण पावती देते साहेब. मग महादेवरावांनी सरळ विचारलं, "तुमच्या पावत्यांत शेवटी तीन आणि आठ काऊन येत नाहीत?"

कचरूनं पावत्यांकडे पाहिलं. त्याला ते आजवर दिसलेलंच नव्हतं. "मले काय मालूम साहेब," तो म्हणाला. "बाजारात जे झालं तेच म्या लिहिलं."

"वर्षभरात एकदाही नाही. असं होत नसते."

"मग व्हाले पाह्यजे काय?"

महादेवराव म्हणाले, "व्हायलाच पाहिजे." आणि पुढची पावती उलटली. हे उत्तर किती महागात पडणार होतं, हे त्या खोलीत कुणालाच कळलं नाही.

तीन आठवड्यांनी अहवाल गेला. धान्य-किराणा: आक्षेप नाही. भाजीपाला: पावत्या प्रत्यक्ष खरेदीवरून नव्हे तर मनानं लिहिल्या असाव्यात असा सबळ संशय. अध्यक्षांना तर आयतंच मिळालं. त्यांनी दुसऱ्या दिवशी कचरूला कामावरून थांबवलं आणि खोली सोडायला महिन्याची मुदत दिली. चौकशी व्हायची होती. पण चौकशी झाली काय, न झाली काय, गावानं निकाल देऊन टाकला होता.

कचरू बुलढाण्याला आला. एस.टी.नं तीन तास. कचेरीच्या दारात उभा राहून त्यानं विचारलं, की साहेब, माझ्याकडून किती पैसे खाल्ले गेले ते तरी सांगा, बाजारातल्या बाया आणून उभ्या करतो. महादेवरावांना रकमेचा आकडा सांगता येईना, कारण तो त्यांच्याकडे नव्हताच. त्यांच्याकडे फक्त दोन आकड्यांची गैरहजेरी होती. सगळं अहवालात आहे, एवढं ते म्हणाले. त्या माणसाचा चेहरा त्यांनी पाहिला, आणि त्यांना काहीही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, एवढं मात्र कळलं.

मार्चमध्ये वहिनीच्या सुनेचं बाळंतपण निघालं आणि वहिनी तिच्याकडं धामणगाव बढ्याला गेली. घरात भाजी आणायला कुणी उरलं नाही. सत्तेचाळीस वर्षांचा हा माणूस, जिल्हाभरच्या संस्थांचे बाजारहाट तपासणारा, स्वतः पिशवी घेऊन आठवडी बाजारात कधी गेलाच नव्हता. लग्नाआधी आईनं आणली, लग्नानंतर सत्यभामाबाईनं. रविवारी तो गेला.

जनकाबाई नावाची एक म्हातारी वांगी, मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, मांडून बसली होती. महादेवरावांनी बोट दाखवलं ते तिनं पिशवीत टाकलं आणि म्हणाली, "सात आणे द्या."

"आणे?" महादेवराव म्हणाले. "आणे बंद होऊन सहा वर्षं झाली बाई."

"सरकारात बंद झाले असतीन. आम्ही तं आण्यातच इकून राह्यलो. सात आण्याचे चव्वेचाळीस नये पैसे होतेत, ते द्या." मग त्यांच्याकडे नीट पाहून तिनं विचारलं, "तुमी सत्यभामाबाईचे मालक ना? लय घासाघीस करे बाप्पा ते. एक आना सोडे नाही."

महादेवरावांनी चव्वेचाळीस पैसे मोजून दिले. घरी आल्यावर पिशवी ओट्यावर ठेवली आणि फळीवरची सत्यभामाबाईची खर्चाची वही काढली. ती गेल्यापासून ती वही त्यांनी उघडली नव्हती. त्यांना फक्त बघायचं होतं, की ती म्हातारी ह्यांना लुटते आहे की सगळ्यांनाच.

मेथी ०.१९. वांगी ०.३७. मिरच्या ०.०६. गवार, कांदे मिळून ०.६२. भाजी १.४४.

ते उभेच होते, ते खाली बसले. पेन्सिल घेतली आणि मोजायला लागले. वर्षभराच्या भाजीच्या नोंदी, दोनशेच्या वर. शून्य, एक, दोन, चार, पाच, सहा, सात, नऊ. तीन नाही. आठ नाही.

वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला होता. एक आणा सहा नये पैसे, दोन आणे बारा, तीन आणे एकोणीस, चार आणे पंचवीस, असं करत पंधरा आणे चौऱ्याण्णव. अक्षर महादेवरावांचं. नवी नाणी आली तेव्हा त्यांनीच बायकोला लिहून दिलं होतं, आणि सरकारी माणसाच्या घरात हिशेब नये पैशांतच लिहायचा, असं बजावलंही होतं. त्यांनी त्या कागदावरून बोट फिरवलं. पंधरा ओळी, आणि एकीच्याही शेवटी तीन नाही की आठ नाही. आण्यात झालेला सौदा त्या कागदावरून पैशांत उतरवला की ते दोन आकडे येऊच शकत नाहीत. असाच छापील कागद कचरूच्या पावत्यांच्या पेटीच्या झाकणाला आतून लावलेला होता. तो त्यांनी जानेवारीत पाहिलाही होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

आपल्या अहवालातली वाक्यं त्यांना तोंडपाठ होती. तीच इथं लावली तर सत्यभामाबाई लबाड ठरत होती. एक आणा न सोडणारी ती बाई वर्षभर घरी बसून मनानं भाजी लिहीत होती, असं त्यांच्याच सहीनं सिद्ध होत होतं. महादेवरावांना वाईट वाटलं. कार्तिकापासून पहिल्यांदा, आणि थोडंच, पण वाटलं. त्यांनी वही मिटली आणि मेथी निवडायला घेतली, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना सांगितलं की भाजीचा आक्षेप मागे घ्यायचा आहे. साहेब म्हणाले, लेखी घ्या, पण आधी जाऊन नीट खात्री करा, दोनदा तोंडघशी पडू नका. महादेवराव सुलतानपूरला निघाले. वाटेत बाजार समितीपाशी उतरून मागच्या वर्षीचे भाव उतरवून घेतले. हे काम जानेवारीतच करायचं होतं. बैल गेला नि झोपा केला. गुलाबरावांच्या बिलाशी ते भाव लावले तेव्हा ज्वारी रुपयामागं चार आण्यांनी चढी, डाळ चार आण्यांनी चढी, तेल चार आण्यांनी चढं. प्रत्येक भाव बरोबर सव्वापट. सगळ्याच आकड्यांना सव्वानं गुणलं तर एकाचं राज्य जसंच्या तसं राहतं, हे फळ्यावर मांडलेलं महादेवरावांना आता आठवलं. त्यांची चाळणी मनानं पेरलेल्या आकड्यांसाठी होती. सारखा फुगवलेला आकडा तिच्यातून सुखरूप खाली उतरतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशीचा दोर त्यांनीच वळला होता.

वसतिगृहाच्या कचेरीत अध्यक्ष होते. कचरूलाही बोलावून घेतलं. तो दाराशी उभा राहिला, त्याच्यामागं बनाबाई. महादेवरावांनी आण्यांचा कागद सगळ्यांसमोर ठेवला आणि समजावून सांगितलं. चूक माझी आहे, असंही म्हणाले. हे म्हणणं त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. मग त्यांना वाटलं, मागाहून अध्यक्षांना बोलायला जागा नको. ते म्हणाले, चालू वर्षाच्या पावत्या आणा, त्यातही हाच प्रकार दिसेल, मी आत्ता मोजून दाखवतो.

कचरू काहीतरी बोलायला पुढे आला. महादेवरावांनी हातानं त्याला थांबवलं. त्यांना वाटलं, तो आभार मानतो आहे.

गठ्ठा आला. महादेवराव रुपये सोडून नुसते वरचे नये पैसे मोठ्यानं वाचायला लागले. एप्रिल, मे, जून. पंचवीस, बासष्ट, एकोणीस, सदतीस. अध्यक्ष ऐकत होते. डिसेंबर संपला. जानेवारी सुरू झाला आणि महादेवरावांच्या तोंडून आकडा निघून गेला: त्रेचाळीस.

ते थांबले. पुढची पावती बारा. त्यापुढची अठरा. मग अडुसष्ट. तारखा सगळ्या त्यांच्या तपासणीनंतरच्या.

"हे काय?" अध्यक्षांनी विचारलं, आणि त्यांचा आवाज एकदम गोड झाला.

कचरू जमिनीकडे बघत होता. "साहेब म्हणले तीन अन् आठ व्हायलाच पाह्यजेत," तो म्हणाला. "मंग जिथं एकोणीस होते तिथं म्या अठरा लिहिलं. चव्वेचाळीस होते तिथं त्रेचाळीस. वरचा एक पैसा माह्या खिशातून देल्ला. संस्थेचा पैसा नाही घेतला साहेब. उलटा टाकला."

अकरा पावत्या निघाल्या. अकरा पावत्या, अकरा नये पैसे, सगळे कचरूच्या खिशातले. कचरू जिथून भाजी आणायचा त्या लोणारच्या बाजारातून अध्यक्षांनी दोन बायांना बोलावलं. त्यांनी सांगितलं, हो, आम्हाला दोन रुपये तीन आणे मिळाले, एक रुपया सात आणे मिळाले. म्हणजे पावतीवर एक रक्कम आणि हातात दुसरी. नियमानं त्याला खोटी पावती म्हणतात. चारशे बारा पावत्या खऱ्या होत्या, त्यांना महादेवरावांनी खोटं म्हटलं. आता ह्या अकरा खरोखर खोट्या होत्या, आणि त्यांना खरं म्हणायची सोय नव्हती. त्या अकरांना त्यांच्या चाळणीत टाकलं असतं तर त्या साळसूदपणे पार झाल्या असत्या.

परत येऊन महादेवरावांनी दुसरा अहवाल लिहिला. आण्यांचा तक्ता जोडला, आपली चूक स्वच्छ शब्दांत लिहिली, अकरा पावत्यांबद्दल लिहिलं की ह्या माझ्या प्रश्नाच्या भीतीनं झाल्या, संस्थेचं नुकसान नाही, दोष माझा धरावा. गुलाबरावांच्या चढ्या भावांची यादीही जोडली. चार महिन्यांनी मंडळाचं उत्तर आलं. किराण्याचे दर मंडळाच्या समितीनं ठरावानं मंजूर केलेले आहेत, सबब वसुलीचा प्रश्न नाही. कारकुनानं अकरा पावत्यांत खोट्या रकमा लिहिल्याचं त्यानं स्वतः कबूल केलं आहे, सबब त्यास कमी केलं आहे. महादेवरावांना कुणी काही म्हटलं नाही. त्यांना वार्षिक वेतनवाढ वेळेवर मिळाली.

पावसाळा सरता सरता ते लोणारला दुसऱ्या एका तपासणीसाठी गेले. बाजाराचा दिवस होता. एस.टी. स्टँडच्या बाजूला गोणपाट अंथरून कचरू बसला होता. सदरा तोच, आता मळका. पुढ्यात वांगी आणि भेंडी. बनाबाई तागडी धरून होती. महादेवरावांना पुढे जाता आलं असतं. ते थांबले आणि भेंडी मागितली. बनाबाईनं तोलून पिशवीत टाकली.

"किती?" महादेवरावांनी विचारलं.

"सात आणे," कचरू म्हणाला.

महादेवरावांनी खिशातून नाणी काढली आणि मोजायला लागले. चाळीस झाले, एकेक पैसा ठेवत एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. कचरूनं हात पुढे करून त्यांची बोटं थांबवली.

"पुरे साहेब," तो म्हणाला. "तुमचा आकडा झाला."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. गिऱ्हाइकाला सवलत द्यावी तसं तो म्हणाला. चव्वेचाळिसावा पैसा महादेवरावांच्या चिमटीत होता. तो त्यांनी गोणपाटावर ठेवला. कचरूनं उचलला नाही. महादेवराव तिथंच उभे राहिले आणि कार्तिकापासून जे आलं नव्हतं ते त्यांना भर बाजारात आलं. ते रडायला लागले. बनाबाईनं पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, काय देऊ बाई, आणि तागडी उचलली.